जीएसटीचं पहिलं अपील आणि प्री-डिपॉझिट: दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं सांगलीच्या बाजारपेठेत कर सल्लागार म्हणून काम करतो. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांच्या हातात एकच कागद असतो, तो म्हणजे `DRC-07`, मागणीच्या आदेशाचा गोषवारा. त्यावरचा एकूण आकडा बघून माणूस हादरतो आणि तिथेच पहिली चूक करतो. एक तर घाबरून मिळेल त्या मार्गाने पैसे भरतो, नाहीतर कागद ड्रॉवरमध्ये टाकून देतो. खालचे सगळे प्रश्न मला लोकांनी विचारलेले आहेत. उत्तरं फक्त पहिल्या अपिलापुरती, म्हणजे कलम १०७ खालच्या अपिलापुरती आहेत.

आदेशात सात लाख लिहिलेत. अपील करायला सगळे सात लाख आधी भरावे लागतात का?

नाही. दहा टक्केसुद्धा सगळ्या सात लाखांवर काढायचे नसतात. कायदा दोनच रकमा मागतो. आदेशातला जो भाग तुम्हाला मान्य आहे तो पूर्ण भरायचा, त्यावरचं व्याज आणि दंड धरून. उरलेल्या वादातल्या कराच्या दहा टक्के भरायचे. या दुसऱ्या रकमेलाच आपण प्री-डिपॉझिट म्हणतो. वादातलं व्याज आणि वादातला दंड या दहा टक्क्यांत धरत नाहीत. लोक नेमके इथेच चुकतात. शेवटच्या ओळीतल्या बेरजेवर दहा टक्के काढतात आणि जवळजवळ दुप्पट पैसे अडकवून बसतात.

या रकमेला वरची मर्यादाही आहे. केंद्राच्या करासाठी वीस कोटी आणि राज्याच्या करासाठी तेवढीच. ती मोठ्या कंपन्यांच्या कामाची. आपल्या दुकानदाराने दहा टक्के एवढंच लक्षात ठेवावं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

समजा प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे. २०२१-२२ या वर्षात दुकानदाराने `GSTR-3B` मध्ये घेतलेलं इनपुट क्रेडिट `GSTR-2A` मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा जास्त निघालं, म्हणून कलम ७३ खाली आदेश झाला. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

सीजीएसटीचा कर १,८६,००० रुपये, त्यावर आदेशातलं व्याज १,४८,८०० आणि दंड कराच्या दहा टक्के म्हणजे १८,६००. एसजीएसटीचं हुबेहूब तेवढंच. एका बाजूची बेरीज ३,५३,४०० आणि दोन्ही मिळून ७,०६,८०० रुपये. माणूस हादरतो तो या आकड्याने.

आता वह्या काढून बसलो. बहुतेक फरक अशा बिलांचा होता की माल आला, पैसे बँकेतून दिले, पण पुरवठादाराने विवरणपत्र उशिरा भरलं किंवा चुकीचा जीएसटी क्रमांक टाकला. ही बिलं लढवण्यासारखी आहेत. एक बिल मात्र आपल्याकडूनच दोनदा धरलं गेलं होतं, त्यावर क्रेडिट प्रत्येकी १२,००० रुपये. ही चूक आपली, ती मान्य.

मान्य भाग असा: प्रत्येक बाजूला कर १२,०००, त्याच्या वाट्याचं व्याज ९,६०० आणि दंड १,२००, म्हणजे २२,८००. दोन्ही बाजू मिळून ४५,६००.

वादातला कर उरला प्रत्येकी १,७४,०००. त्याचे दहा टक्के १७,४०० आणि दोन्ही मिळून ३४,८००. हे झालं प्री-डिपॉझिट.

म्हणजे अपील दाखल करताना एकूण ८०,४०० रुपये लागले. सरसकट बेरजेचे दहा टक्के काढले असते तर ७०,६८० आले असते आणि ते दोन्हीकडून चुकीचं ठरलं असतं: मान्य भाग अपुरा भरला गेला असता आणि वादातल्या व्याज-दंडावर उगाच पैसे गेले असते.

चूक मान्य केली तर बाकीचं अपील कमजोर होतं का?

माझा अनुभव उलटा आहे. दोनदा धरलेलं बिल अधिकारी शोधून काढतातच. ते तुम्ही स्वतः बाजूला काढून पैसे भरले की उरलेल्या बिलांवरचं तुमचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं जातं. शिवाय वाद हरलात तर त्या रकमेवरचं व्याज चढतच जातं. जे उघड चुकलंय ते आजच मिटवणं स्वस्त पडतं.

मात्र मान्य करण्याआधी मूळ बिल, माल आल्याची पावती आणि बँकेचा उतारा तिन्ही समोर ठेवून बघा. आठवणीवर विसंबून काहीही मान्य करू नका.

नुसत्या दंडाचा आदेश आहे, कर काहीच नाही. मग दहा टक्के कशाचे?

दंडाचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून ही तरतूद लागू आहे. त्याआधी रस्त्यात गाडी अडवून लावलेल्या दंडासाठी पंचवीस टक्के भरावे लागत. आता कर नसलेल्या कोणत्याही दंडाच्या आदेशाला दहा टक्केच. नोंदणी रद्द झाल्याच्या आदेशात कराची वा दंडाची मागणीच नसते, म्हणून त्या अपिलाला प्री-डिपॉझिट लागत नाही.

धंदा बसलाय. हे दहा टक्के माफ होतील का?

अपील अधिकाऱ्याला तसा अधिकारच नाही. परिस्थिती सांगून, विनंती अर्ज देऊन ही रक्कम कमी होत नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

ही रक्कम क्रेडिट लेजरमधून भरता येते का? खात्यात रोख नाही, पण क्रेडिट पडून आहे.

कराच्या दहा टक्क्यांसाठी होय. ६ जुलै २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक १७२, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं की क्रेडिट लेजरमधली रक्कम विक्रीवरच्या करासाठी वापरता येते, मग तो कर स्वतः मोजलेला असो वा एखाद्या कारवाईतून निघालेला. त्यानंतर त्याच वर्षी ओअ‍ॅसिस रिअल्टीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने प्री-डिपॉझिट क्रेडिटमधून भरता येतं असा निकाल दिला. गुजरात उच्च न्यायालयाने यशो इंडस्ट्रीजच्या प्रकरणात तेच म्हटलं आणि त्यावरची सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याने बिनधास्त हा मार्ग घ्यावा. कोणी शंका काढलीच तर परिपत्रकाची प्रत अपिलासोबत जोडून ठेवा.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. व्याज, दंड आणि लेट फी रोखच भरायची, तिथे क्रेडिट चालत नाही. रिव्हर्स चार्जचा करही रोखच. आणि सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीच्या रकमेला वापरता येत नाही, एसजीएसटीचं सीजीएसटीला नाही. आयजीएसटीचं क्रेडिट असेल तर ते दोन्हीकडे चालतं.

आपल्या दुकानदाराच्या ८०,४०० पैकी मान्य कर २४,००० आणि प्री-डिपॉझिट ३४,८००, असे ५८,८०० क्रेडिटमधून गेले. मान्य भागाचं व्याज आणि दंड मिळून २१,६०० एवढीच रोख लागली. सात लाखांच्या आदेशावर रात्रभर झोप न लागलेला माणूस साडेएकवीस हजारांवर आला, हे मी समोर बसून पाहिलंय.

रोख भरायची ती कशी?

पोर्टलवर `Create Challan` मधून चलन तयार करायचं. प्रत्येक कराखाली कर, व्याज, दंड, फी आणि इतर असे वेगळे रकाने असतात. वरच्या उदाहरणात सीजीएसटीच्या व्याजाखाली ९,६००, दंडाखाली १,२०० आणि एसजीएसटीखाली तसंच. नेटबँकिंगने भरलं तर पैसे लगेच कॅश लेजरमध्ये दिसतात. आरटीजीएस-एनईएफटीने भरायचं असेल तर चलनासोबत निघणारा कागद बँकेत न्यावा लागतो आणि जमा व्हायला वेळ जातो. म्हणून शेवटच्या दोन दिवसांवर हा मार्ग ठेवू नका. रकाना चुकला तर घाबरायचं कारण नाही, `PMT-09` ने कॅश लेजरमधली रक्कम एका रकान्यातून दुसऱ्यात हलवता येते.

चलन भरलं, पावती आली. म्हणजे प्री-डिपॉझिट झालं ना?

नाही! मला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावा लागतो तो मुद्दा हाच. चलन भरल्यावर पैसे फक्त तुमच्या कॅश लेजरमध्ये येतात. ते अजून तुमचेच असतात. प्री-डिपॉझिट होतं ते `APL-01` हा अपिलाचा फॉर्म भरताना, त्यातल्या पैशांच्या तक्त्यात लेजरमधून रक्कम वळती झाल्यावर. तेव्हा एक डेबिट नोंद क्रमांक तयार होतो, तीच खरी पावती. चलन वेळेत भरलं आणि अपील मुदतीनंतर दाखल केलं, तर चलनाच्या तारखेचा काही उपयोग नाही.

एका कापड दुकानदाराने मुदतीच्या आठ दिवस आधी चलन भरलं आणि पावती लॅमिनेट करून माझ्याकडे आणली, तोवर मुदत उलटून आठवडा झाला होता. त्यांना वाटलं होतं की अपील केलंय. पुढे विलंबाचा अर्ज करून सुटले, पण तोवर त्यांच्या घरात काय वातावरण होतं ते त्यांच्या मुलाने मला सांगितलं.

नोटीस आली तेव्हाच `DRC-03` ने काही पैसे भरले होते. ते धरले जातात का?

आपोआप धरले जात नाहीत. `DRC-03` हा ऐच्छिक भरण्याचा फॉर्म आहे, तो आदेशाच्या मागणीशी जोडलेला नसतो. त्यामुळे पोर्टलवर मागणी पूर्ण उभी दिसते आणि पैसे भरूनही तुम्ही थकबाकीदार राहता. यावर उपाय म्हणून `DRC-03A` हा फॉर्म आला. त्यात `DRC-03` चा क्रमांक आणि आदेशाच्या मागणीचा क्रमांक टाकला की ती रक्कम त्या मागणीत वळती होते आणि भरल्याची तारीख मूळ `DRC-03` चीच धरली जाते. हे काम अपील भरण्याआधी करा. `DRC-03` भरताना कारण म्हणून `Voluntary` किंवा `Others` निवडलेलं असेल तरच ही जोडणी होते.

आणि आदेश आल्यानंतर नव्याने `DRC-03` भरू नका. अजूनही काही लोक तसा सल्ला देतात. आता त्याची गरज नाही.

मुदत किती आणि कधीपासून मोजायची?

आदेश तुम्हाला कळवला गेल्यापासून तीन महिने. गोम आहे ती ‘कळवला’ या शब्दात. पोस्टाने कागद घरी येणं म्हणजेच कळवणं, असं नाही. पोर्टलवर आदेश चढवणं हीसुद्धा कायद्याने मान्य केलेली पद्धत आहे. तुम्ही पोर्टल उघडलं नाहीत म्हणून मुदत थांबत नाही.

उदाहरणातला आदेश १२ डिसेंबर २०२५ ला पोर्टलवर आला. मुदत १२ मार्च २०२६ पर्यंत. नव्वद दिवस मोजू नका, महिने मोजा. या उदाहरणात दोन्ही जुळतात, पण एरवी नव्वद दिवस आणि तीन महिने यांत एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो आणि त्याच दिवसांत लोक अडकतात.

पोर्टलवर दोन ठिकाणी बघा. नेहमीच्या `View Notices and Orders` मध्ये आणि त्याशिवाय `View Additional Notices/Orders` मध्ये. कलम ७३ चे आदेश बहुधा दुसऱ्या जागी सापडतात. पूर्वीच्या सल्लागाराचा मोबाईल आणि ईमेल नोंदणीत तसाच राहिला असेल, तर एसएमएस त्यांना जातो, तुम्हाला नाही. हे आजच बदलून घ्या. आदेश नसेल तरी बदला.

तीन महिने उलटून गेले. आता?

आणखी एक महिना आहे, पण तो हक्काचा नाही. वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं हे अपील अधिकाऱ्याला पटावं लागतं. `APL-01` मध्येच विलंब झाल्याचं नमूद करायचं, किती दिवसांचा ते लिहायचं आणि कारणाचा अर्ज जोडायचा. ‘माहीत नव्हतं’ एवढ्यावर भागत नाही. दवाखान्यात दाखल असल्याचे कागद, सल्लागार वारल्याचा दाखला, ईमेल दुसऱ्याच्या नावावर असल्याचा पुरावा, असं काहीतरी हातात धरण्याजोगं लागतं.

उदाहरणात हा महिना १२ एप्रिल २०२६ ला संपतो. तो रविवार आहे. पोर्टल रविवारीही चालतं, म्हणून ‘सोमवारी करू’ असं म्हणू नका.

चार महिने झाल्यावर अपील अधिकारी काहीच करू शकत नाही, त्याचे हात कायद्याने बांधलेले आहेत. मग उरते उच्च न्यायालयातली रिट याचिका. तिचा खर्च वादातल्या रकमेच्या जवळ जातो आणि दिलासा मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही.

आदेशात बेरजेची चूक आहे. दुरुस्तीचा अर्ज केलाय, त्याचं उत्तर आल्यावर अपील करू का?

थांबू नका. दुरुस्तीचा अर्ज वेगळा आणि अपील वेगळं. दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून अपिलाची मुदत थांबेल असं धरून चालणं धोक्याचं आहे. अर्जाचं उत्तर नकारार्थी आलं आणि तोवर चार महिने गेले, तर दोन्ही दारं बंद.

पोर्टलवर अपील नेमकं कुठून भरायचं?

`Services > User Services > My Applications` मध्ये जायचं, अर्जाच्या यादीतून `Appeal to Appellate Authority` निवडायचं आणि नवा अर्ज उघडायचा. आदेश क्रमांक टाकला की आदेशाची माहिती वर येते. मग आदेश कळल्याची तारीख, वादाचा प्रकार, अपिलाची कारणं असलेली जोडपत्राची फाईल, मान्य रक्कम आणि वादातली रक्कम. पोर्टल यावरून भरायची रक्कम मोजून दाखवतं. ती डोळे झाकून स्वीकारू नका, कागदावर काढलेल्या आकड्याशी ताडून बघा. मान्य रक्कम टाकायची राहिली तर सगळाच कर वादातला धरला जातो आणि वरचं सगळं गणित बिघडतं.

शेवटी डिजिटल सही किंवा ओटीपी. मालकाचा ओटीपी मालकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. गावाला गेलेल्या मालकाला रेंज नाही म्हणून अपील अडकलेलं मी पाहिलंय, तेही शेवटच्या रात्री. किमान आठवडाभर हातात ठेवून बसा.

भरल्यावर आधी तात्पुरती पोच निघते. आदेश पोर्टलवरच असेल तर तिच्याच तारखेला अपील दाखल झालं असं धरतात आणि अंतिम पोच `APL-02` नंतर येते. आदेश पोर्टलवर नसेल, हाती कागदच मिळालेला असेल, तर त्याची स्वतः सही केलेली प्रत सात दिवसांत द्यावी लागते. उशीर झाला तर प्रत दिल्याची तारीखच दाखल तारीख ठरते.

अपील केल्यावर बँक खातं गोठवतील का?

प्री-डिपॉझिट भरून अपील दाखल झालं की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. वेगळा स्थगितीचा अर्ज लागत नाही. धोका असतो तो तीन महिने संपल्यानंतर आणि अपील दाखल होण्याआधी. एरवी वसुलीसाठी आदेशानंतर तीन महिने थांबतात, ते संपले की बँकेला `DRC-13`, म्हणजे तुमच्या खात्यातून वसुलीची नोटीस, जाऊ शकते. म्हणजे विलंबाच्या चौथ्या महिन्यात असाल तर रोज खातं तपासा आणि अपील झालं की तात्पुरती पोच ताबडतोब वसुली अधिकाऱ्याकडे नेऊन द्या. ती आपोआप पोचेल असं समजू नका.

वसुली थांबली तरी व्याज थांबत नाही, हे मात्र विसरू नका. हरलात तर मधल्या काळाचंही व्याज द्यावं लागतं.

हरलो तर पुढे किती भरावं लागेल?

अपील न्यायाधिकरणात जायचं तर वादातल्या कराचे आणखी दहा टक्के. आधीचे धरून वीस.

आणि जिंकलो तर पैसे परत कसे मिळतात?

अपिलाचा निकाल `APL-04` मध्ये येतो. त्यानंतर `RFD-01` वर परताव्याचा अर्ज करायचा आणि कारण म्हणून अपिलाचा आदेश निवडायचा. स्वतःहून कोणी पैसे परत पाठवत नाही. निकाल कळल्यापासून दोन वर्षांत अर्ज करायचा असतो. प्री-डिपॉझिट भरल्या दिवसापासून परत मिळेपर्यंत त्यावर व्याजही मिळतं. अर्जात ते मागा, मागितलं नाही तर बहुतेक वेळा राहून जातं. आपल्या दुकानदाराचे ३४,८०० क्रेडिटमधून गेले होते, म्हणून ते बँकेत येणार नाहीत, क्रेडिट लेजरमध्येच परत जमा होतील. डेबिट नोंद क्रमांक तेव्हा पुन्हा लागतो, त्यामुळे अपिलाच्या दिवशीच तो छापून आदेशाच्या फाईलला लावून ठेवा.